चकवा लागलेला एजंट

भाषा-मॉडेलला स्वतःहून काही करता येत नाही. समोर आलेला मजकूर वाचून त्याच्या पुढचा मजकूर लिहिणे एवढेच त्याचे काम असते. रेल्वेचे वेळापत्रक उघडणे, हॉटेलातल्या खोल्या मोजणे, फाईल वाचणे किंवा ईमेल पाठवणे ही कामे त्याच्या आवाक्याबाहेरची आहेत. या मॉडेलभोवती एक छोटा प्रोग्राम बसवला की त्याचा एजंट होतो. प्रोग्राम मॉडेलला काम सांगतो आणि हाताशी कोणती साधने म्हणजे टूल आहेत त्यांची यादी देतो. मॉडेल त्यातले एक टूल निवडून, त्याला कोणती माहिती द्यायची ते लिहून देते. प्रोग्राम ते टूल खरोखर चालवतो, आलेले उत्तर आधीच्या नोंदीखाली चिकटवतो आणि ती सगळी नोंद पुन्हा मॉडेलपुढे ठेवतो. काम झाले असे मॉडेलने लिहीपर्यंत हे चालू राहते. सगळा खटाटोप पाच-सहा ओळींत मावतो:

```
while True:
    step = model(transcript)
    if step.tool == "finish":
        break
    result = run(step.tool, step.args)
    transcript += [step, result]
```

पहिल्या ओळीतले `while True` म्हणजे कधीही आपोआप न थांबणारे चक्र. त्यातून बाहेर पडण्याची वाट एकच आहे, मॉडेलने `finish` म्हणणे. एजंट त्याच त्या जागी फिरत राहिला तर ते बाहेरून आलेले दुखणे समजायचे कारण नाही. एजंट मुळात चक्रावरच उभा असतो, आणि बाहेरची वाट सापडली नाही की तो फिरतच राहतो.

या ओळींतली आणखी एक गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे. दोन पावलांच्या मध्ये मॉडेलला काहीही आठवत नाही. आपण काय ठरवले होते, काय करून पाहिले, काय फसले हे सगळे त्याला `transcript` म्हणजे नोंदीतूनच दर वेळी नव्याने वाचावे लागते. नोंदीत जे नाही ते त्याच्या दृष्टीने घडलेलेच नाही.

विचार आणि कृती आलटून पालटून लिहिण्याची ही पद्धत रूढ झाली ती ऑक्टोबर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रिअॅक्ट’ या शोधनिबंधामुळे. प्रिन्स्टन विद्यापीठातले शुन्यू याओ आणि गूगलमधले त्यांचे सहकारी यांनी तो लिहिला. त्यांच्या एजंटपाशी तीनच टूल होती. `search` विकिपीडियावरच्या एखाद्या पानातली पहिली पाच वाक्ये आणून देई, आणि त्या नावाचे पान नसेल तर मिळतीजुळती पाच नावे सुचवी. `lookup` त्या पानात एखादा शब्द असलेले पुढचे वाक्य शोधी. `finish` उत्तर देऊन थांबे. दोन-तीन पानांवरची माहिती जोडल्याशिवाय सुटणार नाहीत असे प्रश्न या एजंटला दिले गेले.

निबंधाचा सर्वांत उपयोगी भाग त्यातल्या चुकांच्या तपासणीत आहे. लेखकांनी फसलेली उत्तरे हाताने वाचून त्यांची वर्गवारी केली. सुमारे 47 टक्के चुका तर्काच्या निघाल्या, आणि मॉडेल आपलेच आधीचे विचार व कृती पुन्हा पुन्हा लिहीत बसते, हा या पद्धतीचा खास दोषही त्यांनी त्याच गटात धरला. आणखी 23 टक्के वेळा शोधातून उपयोगाचे काहीच हाती आले नव्हते. त्यानंतर विचाराची गाडी रुळावरून घसरे आणि पुन्हा रुळावर आणणे मॉडेलला जड जाई. निबंधात हे दोन आकडे वेगवेगळ्या रकान्यांत आहेत, पण प्रत्यक्षात ती एकाच साखळीची दोन टोके असू शकतात. टूलचे पोकळ उत्तर हे पुष्कळदा कारण असते आणि गोल गोल फिरणे हा त्याचा परिणाम.

एक कल्पित पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेतले की हे स्पष्ट होते. एजंटला सांगितले आहे: 8 नोव्हेंबर 2025 ला पुण्याहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत नागपूरला पोहोचवणारी गाडी शोध, तिथे एका रात्रीसाठी हॉटेल बघ आणि एकूण खर्च मांड. हाताशी तीन टूल आहेत: गाड्या शोधणारे, हॉटेल शोधणारे आणि बेरीज करणारे. एजंट आधी आराखडा करतो. पहिल्यांदा गाडी ठरवायची, कारण पोहोचण्याची वेळ कळल्याशिवाय हॉटेल कोणत्या तारखेचे हवे ते ठरत नाही. मग हॉटेल, मग हिशेब. आराखड्यात काहीच खोट नाही. प्रत्यक्ष नोंद मात्र अशी होत जाते:

```
search_trains("PUNE", "NGP", "08-11-2025")  ->  []
search_trains("PUNE", "NGP", "09-11-2025")  ->  []
search_trains("PUNE", "BSL", "08-11-2025")  ->  []
search_trains("PUNE", "NGP", "08-11-2025")  ->  []
```

उजवीकडचा रिकामा कंस म्हणजे रिकामी यादी. खरी अडचण तारखेच्या मांडणीत आहे. या टूलला तारीख `2025-11-08` अशी, वर्ष आधी ठेवून हवी आहे. एजंटने ती आपल्याकडे लिहितात तशी दिवस आधी ठेवून लिहिली. टूल लिहिणाऱ्याने चुकीची तारीख आल्यास काय सांगायचे याचा विचार केलेला नव्हता. तारीख जुळली नाही की गाड्याही जुळत नाहीत, म्हणून टूल निमूटपणे रिकामी यादी परत करते. ‘त्या दिवशी गाडी नाही’ आणि ‘तुमचा प्रश्नच मला कळला नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एजंटपर्यंत एकाच रूपात पोहोचतात.

एजंट त्यातला पहिला अर्थ घेतो. पुढचा दिवस बघतो, भुसावळला गाडी बदलून जाता येईल का ते पाहतो, आणि काहीच जमत नाही म्हटल्यावर मूळ प्रश्नाकडे परत येतो. प्रत्येक पाऊल सुटे वाचले तर समंजस वाटते. रानातल्या पायवाटेवर चकवा लागलेल्या माणसाची गत अशीच सांगतात: चालणाऱ्याला आपण पुढे जातो आहोत असेच वाटत असते, आणि तासाभराने तेच झाड समोर येते.

चौथ्या पावलाला एजंटला आपण तेच करतो आहोत हे का कळत नाही? नोंद तर त्याच्या समोर असते. याची दोन कारणे आहेत आणि ती एकमेकांना बळ देतात. पहिले असे की मॉडेलचे पुढचे पाऊल नोंदीवर अवलंबून असते, आणि रिकाम्या यादीने नोंदीत नवे काहीच घातलेले नसते. वेगळा निर्णय घ्यायला वेगळे कारण लागते. ते मिळालेच नाही तर आधी जे सर्वांत योग्य वाटले होते तेच पुन्हा सर्वांत योग्य वाटते. दर वेळी सर्वांत संभाव्य शब्दच उचलायचा अशी मॉडेलची मांडणी असली, तर त्याच परिस्थितीत तोच निर्णय येण्याची शक्यता आणखी वाढते. ‘रिअॅक्ट’च्या लेखकांनीही आपल्या एजंटच्या पुनरावृत्तीमागे हे कारण असावे असा अंदाज मांडला होता.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. भाषा-मॉडेल मजकुरातली लय पकडून ती पुढे नेण्यात तरबेज असते. एखादे वाक्य दोनदा आले की तिसऱ्यांदा येण्याची शक्यता वाढते, तिसऱ्यांदा आले की चौथ्यांदा येण्याची आणखी. मजकूर लिहिताना मॉडेल एकाच वाक्यात अडकते हा दोष एजंट येण्याच्या आधीपासून अभ्यासकांच्या नजरेत होता. एजंटच्या नोंदीत तो नव्या रूपात येतो. चार वेळा ‘शोध, रिकामे, शोध, रिकामे’ असे लिहिले गेले की ती नोंद इशारा राहत नाही, ती कित्ता बनते, आणि मॉडेल तो गिरवू लागते. म्हणून फेऱ्यात सापडलेला एजंट जितका जास्त वेळ सोडावा तितकी त्याची आपणहून सुटण्याची आशा मावळत जाते.

खर्चही याच क्रमाने चढतो आणि तो सरळ रेषेत चढत नाही. दर पावलाला सगळी नोंद पहिल्यापासून वाचावी लागते. एका पावलाने नोंदीत सुमारे हजार टोकनांची, म्हणजे मजकुराच्या हजार तुकड्यांची भर पडते असे धरले, तर दहा पावलांत मॉडेल एकूण 55,000 टोकन वाचते, वीस पावलांत 2,10,000 आणि चाळीस पावलांत 8,20,000. पावले दुप्पट झाली की वाचन जवळजवळ चौपट होते. आधी वाचलेला भाग साठवून ठेवण्याची सोय असली तर दर उतरतो, पण वाढीचा हा आकार बदलत नाही.

मार्च 2023 मध्ये टोरन ब्रूस रिचर्ड्स यांनी ‘ऑटोजीपीटी’ हा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला तेव्हा हा अनुभव सामान्य वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचला. त्याला एखादे मोठे उद्दिष्ट सांगायचे आणि त्याने स्वतः कामे पाडून ती करत जायचे अशी कल्पना होती. एरवी तो प्रत्येक पावलाआधी माणसाची परवानगी मागे. परवानगी न घेता सलग चालवण्याची सोयही होती, आणि ती वापरल्यास प्रोग्राम कायमचा चालू राहू शकतो असा स्पष्ट इशारा त्याच्या सूचनांत दिलेला होता. तो इशारा रास्त होता. एकच शोध पुन्हा पुन्हा घेणारा, आधी लिहिलेली फाईल विसरून तीच परत लिहिणारा ऑटोजीपीटी अनेकांनी पाहिला. त्याच सुमारास योहेइ नाकाजिमा यांचा ‘बेबीएजीआय’ आला. त्यात कामांची एक यादी असे. यादीतले एक काम झाले की त्याच्या निकालावरून नवी कामे सुचवली जात, मग यादीचा क्रम पुन्हा लावला जाई. इथे कोणतेही पाऊल हुबेहूब परत येत नाही. तरी शेवट होत नाही, कारण प्रत्येक पुऱ्या झालेल्या कामातून नवे काम फुटत राहते.

फेरे एकाच जातीचे नसतात. हुबेहूब तोच प्रश्न परत विचारणे ही सर्वांत भोळी आणि ओळखायला सोपी जात. दुसऱ्या जातीत एजंट दोन स्थितींमध्ये हेलपाटे घालतो. प्रोग्राममधली एक चूक दुरुस्त केली की दुसरी चाचणी नापास होते, ती दुरुस्त केली की पहिली पुन्हा बिघडते. तिसरी जात सर्वांत फसवी: प्रश्नाचे शब्द दर वेळी थोडे बदलतात, ‘पुणे नागपूर रात्रीची गाडी’, मग ‘नागपूरला जाणारी रात्रीची रेल्वे’, मग ‘पुण्याहून नागपूर रेल्वे वेळ’, आणि आशय मात्र तोच राहतो. चौथी जात विस्मरणाची आहे. नोंद फार लांबली की जागा करण्यासाठी जुना भाग गाळतात किंवा त्याचा सारांश करतात. त्या सारांशातून ‘अमुक मार्ग करून पाहिला, तो फसला’ हे वाक्य गळाले की एजंट ताज्या उत्साहाने तोच मार्ग परत धरतो. म्हणून सारांश करताना यशापेक्षा अपयशाच्या नोंदी जपणे अधिक गरजेचे ठरते. बहुतेक सारांश याच्या अगदी उलट करतात.

उपायांमध्ये पहिला येतो तो पावलांचा कमाल आकडा. ‘रिअॅक्ट’च्या लेखकांनी एका प्रश्नसंचासाठी सात आणि दुसऱ्यासाठी पाच पावलांची मर्यादा घातली होती, कारण त्याहून जास्त पावले देऊन उत्तरे सुधारत नाहीत असे त्यांना दिसले. मर्यादेत उत्तर आले नाही तर ते टूलचा नाद सोडून मॉडेलच्या स्वतःच्या माहितीवरून उत्तर काढत. ‘लँगचेन’ या लोकप्रिय संचातल्या जुन्या एजंट-चालकात `max_iterations` ही मर्यादा वेगळी सांगितली नाही तर 15 असे. हा उपाय घरातल्या फ्यूजसारखा आहे. फ्यूज घर जळू देत नाही, पण तार कुठे उघडी पडली आहे ते सांगत नाही. मर्यादेला आदळून थांबलेल्या एजंटची मर्यादा 15 वरून 50 करणे हा तर फ्यूजच्या जागी जाड तार बसवण्याचाच प्रकार आहे.

दुसरा उपाय म्हणजे फेरा सुरू होताच ओळखणे. यासाठी मॉडेलवर विसंबू नये. भोवतालच्या प्रोग्रामनेच हिशेब ठेवावा. मात्र नुसते ‘तेच टूल, तीच माहिती’ एवढे पाहून चालत नाही. काही पुनरावृत्ती अगदी योग्य असते. एखादी मोठी फाईल तयार होते आहे की नाही हे दर मिनिटाला विचारणारा एजंट तोच प्रश्न दहा वेळा विचारील आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही. म्हणून प्रश्न आणि उत्तर दोन्ही मिळून ताडून पाहावे लागतात:

```
key = (step.tool, str(step.args), str(result))
seen[key] = seen.get(key, 0) + 1
if seen[key] >= 3:
    stop("same call, same answer")
```

प्रश्न तोच पण उत्तर बदलत असेल, तर काहीतरी पुढे सरकते आहे. तोच प्रश्न आणि तेच उत्तर तिसऱ्यांदा आले की थांबावे. वाट पाहण्याच्या कामांना हा नियम थोडा सैल करावा लागतो, कारण ‘अजून तयार नाही’ हे उत्तरही सारखेच येते. तिथे दोन प्रश्नांमधले अंतर वाढवत न्यावे आणि एकूण वेळेची मर्यादा घालावी. शब्द बदलून फिरणाऱ्या तिसऱ्या जातीला ही चाळणी सापडत नाही. तिच्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो: गेल्या पाच पावलांत नोंदीत नवीन वस्तुस्थिती कोणती आली? गाडीचा नवा क्रमांक, नवी वेळ, नवा भाव, काहीही. एकही आली नसेल तर पावले वेगळी दिसली तरी तो फेराच आहे. हे मोजणे कठीण आहे आणि इथे अचूक कसोटी मिळत नाही. कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे आधी सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी 1936 मध्येच सिद्ध केले होते. एजंटच्या बाबतीत निदान पावले मोजून थांबवणे हाती असते. हळू चालणारा आणि अडकलेला यांच्यातला फरक मात्र अंदाजानेच करावा लागतो.

सर्वाधिक गुण देणारा उपाय तिसरा आहे, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. तो एजंटमध्ये करायचा नसून टूलमध्ये करायचा असतो. वरच्या उदाहरणात गाड्या शोधणाऱ्या टूलने रिकाम्या यादीऐवजी एवढेच सांगितले असते:

```
{"error": "तारीख '08-11-2025' वाचता आली नाही.
  मांडणी YYYY-MM-DD हवी, उदा. 2025-11-08"}
```

तर दुसऱ्याच पावलाला एजंटने तारीख नीट लिहिली असती. मॉडेल तेच, आराखडा तोच, सूचनाही त्याच; बदलला तो फक्त नकाराचा मजकूर. चांगल्या नकारात तीन गोष्टी असाव्या लागतात: काय मिळाले, काय हवे होते आणि योग्य नमुना कसा दिसतो. तारीख बरोबर असून खरोखरच गाडी नसेल, तर तसेही शब्दांत सांगावे, आणि जवळच्या कोणत्या तारखांना गाडी आहे तेही जोडावे. ‘रिअॅक्ट’मधले `search` पान न सापडल्यास पाच मिळतीजुळती नावे देत असे, त्यामागे हेच शहाणपण होते. माणूस पडद्यावरचा रिकामा तक्ता पाहून आपलेच काही चुकले असेल असा संशय घेतो, कारण पुणे-नागपूर मार्गावर गाडी नाही हे त्याला पटत नाही. एजंट टूलच्या उत्तरावर सहसा असा संशय घेत नाही.

याला जोडून ‘जमले नाही’ असे म्हणण्याची वाटही एजंटला मोकळी ठेवावी लागते. `finish` हे टूल फक्त यशस्वी उत्तरासाठी असेल तर अडलेल्या एजंटपुढे दोनच पर्याय उरतात, फिरत राहणे किंवा खोटे उत्तर रचून सुटणे. दुसरा पर्याय पहिल्याहून वाईट, कारण तो नोंदीत यशासारखाच दिसतो. म्हणून काय मिळाले, काय मिळाले नाही आणि कुठे अडले हे सांगून थांबणे हाही अधिकृत शेवट मानावा लागतो.

माहिती शोधणाऱ्या एजंटने फेरे मारले तर वेळ आणि पैसा जातो. पैसे भरणारी, तिकीट काढणारी किंवा ईमेल पाठवणारी टूल हाती असतील तर प्रकरण गंभीर होते. अशा टूलचे उत्तर वेळेत आले नाही की एजंट स्वाभाविकपणे पुन्हा प्रयत्न करतो. पण पहिली मागणी पलीकडे पोहोचून पुरी झालेली असू शकते, वाटेत हरवते ती फक्त पोच. मग हॉटेलच्या एका खोलीऐवजी तीन खोल्या आरक्षित होतात. बँकांच्या आणि पैसे भरण्याच्या यंत्रणांमध्ये यावरचा तोडगा जुनाच आहे: प्रत्येक मागणीसोबत एक वेगळा क्रमांक पाठवायचा, आणि तोच क्रमांक परत आला तर नवे काम न करता पहिल्याच मागणीची पावती परत द्यायची. हा क्रमांक मॉडेलला तयार करू देऊ नये. दुसऱ्या प्रयत्नात ते बिनदिक्कत नवा क्रमांक लिहील आणि सगळा बंदोबस्त वाया जाईल. तो भोवतालच्या प्रोग्रामने कामाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवायचा असतो.

एजंट थांबवला गेला की उरते ती त्याची नोंद, आणि ती वाचण्याची एक सोपी रीत आहे. शेवटापासून वर जायचे आणि ज्या उत्तरानंतर काहीच नवे आले नाही असे पहिले उत्तर शोधायचे. पुणे-नागपूरच्या नोंदीत ते पहिल्याच ओळीत सापडते. शेवटची दहा-पंधरा पावले वाचणाऱ्याला मॉडेल खुळावले आहे असे वाटेल. पहिली ओळ वाचणाऱ्याला तारखेची मांडणी दिसेल आणि टूलमध्ये दोन ओळींची दुरुस्ती पुरेल. दुरुस्तीनंतर तोच एजंट पहिल्या पावलाला तारीख चुकतो, नकार वाचतो, दुसऱ्या पावलाला गाड्यांची यादी मिळवतो, तिसऱ्याला हॉटेल, चौथ्याला बेरीज, आणि पाचव्याला `finish` लिहितो.